दोलकाचा प्रयोग: g च्या उत्तरापुढचं ± कुठून आणायचं?

साध्या दोलकाचा प्रयोग झाला की जर्नलच्या शेवटच्या ओळीत बहुतेक जण g = ९.७७२९ असं लिहितात. आकडे एवढे का, तर कॅल्क्युलेटरवर तेवढे दिसले म्हणून. मग खाली पुस्तकातल्या ९.८१ शी तुलना करून 'टक्के त्रुटी' काढतात आणि विषय संपतो. ही टक्के त्रुटी मला कधीच पटलेली नाही. खरं उत्तर आधीच माहीत असेल तर मोजलं कशाला? आणि माहीत नसेल तर ही टक्केवारी काढणार कशी? आपलं मोजमाप कितपत भरवशाचं आहे हे आपल्याच रीडिंगांवरून सांगता आलं पाहिजे. त्यालाच अनिश्चितता म्हणतात.

शिवाय ९.८१ हा आकडा आपल्याकडचा नाहीच. g ची किंमत विषुववृत्तावर समुद्रसपाटीला ९.७८० असते, ४५ अंश अक्षांशावर ९.८०६ आणि ध्रुवांवर ९.८३२ (सगळीकडे मीटर प्रति सेकंद वर्ग). पुणं साडेअठरा अंशांवर आणि समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंचीवर आहे, त्यामुळे इथे g सुमारे ९.७८ भरते. ९.७८ आणि ९.८१ यांतला फरक दोऱ्याला टांगलेल्या गोळ्याने पकडता येतो का? येतो, पण काठावर. खालचं उदाहरण त्यासाठीच घेतलं आहे.

आधी लांबी

सामान नेहमीचंच आहे: स्टँड, मधोमध चिरलेलं बूच, न ताणणारा दोरा, हुक असलेला पितळी गोळा, मीटरपट्टी, व्हर्नियर कॅलिपर आणि स्टॉपवॉच. सूत्रही नेहमीचंच:

g = 4π²L / T²

इथे L म्हणजे टांगणबिंदूपासून गोळ्याच्या केंद्रापर्यंतची लांबी. टांगणबिंदू म्हणजे बुचाची खालची कड, जिथून दोरा वळतो ती जागा. दोरा टेबलावर सरळ करून मोजू नका. गोळा टांगून, त्याच्या वजनाने दोरा ताणला गेल्यावरच मोजा. कडेपासून गोळ्याच्या माथ्यापर्यंतची लांबी (हुक धरून) पाच वेळा मोजली, प्रत्येक वेळी पट्टी काढून पुन्हा लावली, आणि ही रीडिंगं आली: ९७.२५, ९७.४०, ९७.३५, ९७.३०, ९७.३५ सेंटिमीटर. सरासरी ९७.३३. गोळ्याचा व्यास कॅलिपरने २.५४ सेंटिमीटर, म्हणजे त्रिज्या १.२७. दोन्ही मिळून L = ९८.६० सेंटिमीटर.

आता या लांबीची अनिश्चितता. पाचही रीडिंगं एकमेकांच्या दीड मिलिमीटरच्या आत आहेत. ती पाच असल्यामुळे सरासरीची अनिश्चितता पाव मिलिमीटर निघते आणि तेवढीच लिहून टाकायचा मोह होतो. पण पाचही वेळा पट्टी तीच होती, डोळा तोच होता, आणि 'दोरा नेमका इथून वळतो' हा अंदाजही तोच होता. तो अंदाज अर्धा मिलिमीटर चुकला असेल तर पाचही वेळा एकाच बाजूला चुकला आहे. सरासरी घेतल्याने ही चूक तसूभरही कमी होत नाही. म्हणून बुचाजवळ डोळा नेऊन दोरा हळूच हलवून बघा आणि स्वतःला विचारा, 'ही जागा मी कितपत खात्रीने दाखवू शकतो?' माझं प्रामाणिक उत्तर आहे, सगळं धरून एक मिलिमीटर. म्हणून:

L = ९८.६० ± ०.१० सेंटिमीटर

कॅलिपरच्या अनिश्चिततेचं काय? व्यासात ०.०१ सेंटिमीटर म्हणजे त्रिज्येत ०.००५. एक मिलिमीटरपुढे ती वीसपट लहान आहे. पुढे आपण अनिश्चिततांचे वर्ग मिळवणार आहोत, त्यात तिचा वाटा चारशेपट लहान होईल. सोडून द्या. काय सोडता येतं हे ओळखणं हाही या कामाचाच भाग आहे.

मग वेळ

गोळा सात सेंटिमीटरच बाजूला ओढा. या लांबीच्या दोऱ्याला तो जेमतेम चार अंशांचा कोन होतो. धक्का न देता सोडा. पहिली दोन-तीन दोलनं जाऊ द्या आणि वरून बघा: गोळा सरळ रेषेत जायला हवा. तो लंबवर्तुळात फिरायला लागला असेल तर थांबवून पुन्हा सोडा.

स्टॉपवॉच कुठे दाबायचं? नवखी मुलं हटकून टोकाला दाबतात, कारण तिथे गोळा क्षणभर थांबल्यासारखा दिसतो. अडचण नेमकी तीच आहे. थांबल्यासारखा दिसतो, म्हणजे तो 'कधी' थांबला हे डोळ्याला नक्की कळत नाही. मध्यावर गोळ्याचा वेग सर्वांत जास्त असतो आणि तो खूण ओलांडतो तो क्षण चटकन कळतो. गोळ्यामागे कागदावर उभी रेघ ओढून ठेवा आणि गोळा डावीकडून उजवीकडे जाताना रेघेवर आला की दाबा.

मोजताना सुरुवात 'शून्य' म्हणून करा. गोळा त्याच दिशेने पुन्हा रेघेवर आला की 'एक'. 'वीस' म्हणताच थांबवा. वीस दोलनांची आठ रीडिंगं अशी आली, सेकंदांत:

३९.८४, ४०.०१, ३९.९३, ३९.७८, ३९.९७, ३९.८८, ४०.०६, ३९.८५

सरासरी ३९.९१५. स्टॉपवॉच सेकंदाचा शंभरावा भाग दाखवतं, पण रीडिंगं पाव सेकंदाहून जास्त पसरली आहेत. हा पसारा घड्याळाचा नाही, बोटाचा आहे. तो किती ते मोजण्यासाठी प्रमाण विचलन काढायचं. प्रत्येक रीडिंगमधून सरासरी वजा करा, येणाऱ्या फरकांचे वर्ग करा आणि बेरीज घ्या. इथे ती ०.०६२६ येते. रीडिंगं आठ, म्हणून एक कमी करून सातने भागा आणि वर्गमूळ काढा: ०.०९५ सेकंद. कोणतंही एक रीडिंग साधारण एवढं इकडेतिकडे होतं. आपल्याला हवी आहे सरासरीची अनिश्चितता, म्हणून याला आठच्या वर्गमुळाने भागायचं: ०.०३३ सेकंद.

लांबीच्या वेळी सरासरीवर विश्वास ठेवला नाही आणि इथे ठेवतो आहोत, हे कसं? बोट प्रत्येक वेळी वेगळं चुकतं, कधी लवकर, कधी उशिरा. अशा चुका सरासरीत एकमेकींना बऱ्याच अंशी खाऊन टाकतात. बुचाच्या कडेची चूक दर वेळी एकाच दिशेने होते, ती कशानेच खाल्ली जात नाही.

आता सरासरीला वीसने भागा, आणि अनिश्चिततेलाही वीसनेच भागा:

T = १.९९५८ ± ०.००१७ सेकंद

सूत्रातून g पर्यंत

L आणि T डळमळीत असतील तर g किती डळमळेल? कलनशास्त्र न वापरता हे कॅल्क्युलेटरवर करून बघता येतं. आधी सरळ g काढा: ९.७७३ येतो. आता T तसाच ठेवून L एक मिलिमीटरने वाढवा, म्हणजे ०.९८७० मीटर, आणि पुन्हा g काढा. उत्तर ९.७८३. म्हणजे लांबीमुळे g ०.०१० ने सरकतो. आता L मूळ किमतीवर आणा आणि T त्याच्या अनिश्चिततेएवढा वाढवा. उत्तर ९.७५७, म्हणजे वेळेमुळे g ०.०१६ ने सरकतो.

या दोन सरकण्यांची नुसती बेरीज करायची का? बेरीज केली तर आपण असं गृहीत धरतो की लांबी आणि वेळ दोन्ही एकाच वेळी g ला एकाच बाजूला ओढतात. पट्टीला बोटाची खबर नसते. दोघांचा संबंध नाही, म्हणून वर्ग करून बेरीज आणि मग वर्गमूळ, काटकोन त्रिकोणाच्या कर्णासारखं. ०.०१० आणि ०.०१६ चा कर्ण ०.०१९ येतो.

हेच सूत्रात लिहिलं तर:

(Δg/g)² = (ΔL/L)² + (2·ΔT/T)²

T पुढचा तो 2 सूत्रातल्या T² मधून आला आहे. T एक टक्क्याने वाढला की T² साधारण दोन टक्क्यांनी वाढतो. T छेदात आहे म्हणून g दोन टक्क्यांनी घटतो, पण वर्ग केल्यावर ऋण चिन्हाला अर्थ उरत नाही. 4π² मध्ये अनिश्चितता नाही, ते सूत्रात येतच नाहीत. आपले आकडे घाला: ΔL/L = ०.१०%, ΔT/T = ०.०८४%, त्याची दुप्पट ०.१६७%. कर्ण ०.१९५%. ९.७७३ चे ०.१९५% म्हणजे ०.०१९. दोन्ही वाटांनी एकच उत्तर आलं. पहिल्यांदा करताना दोन्ही वाटा चालून बघा. सूत्रात 2 विसरलात तर ते इथेच कळेल.

अकरावी-बारावीच्या पुस्तकांत वर्गांऐवजी सरळ बेरीज दिलेली असते: ΔL/L + 2·ΔT/T. ती चूक नाही. ती 'वाईटात वाईट किती' हे सांगते. आपल्या आकड्यांना ती ०.२७% देते, म्हणजे ०.०२६. कोणतीही पद्धत वापरा, पण कोणती वापरली ते लिहा.

आता गोलाकार करायचं. अनिश्चिततेत एकच आकडा ठेवा, आणि उत्तर तेवढ्याच दशांश स्थळांपर्यंत:

g = ९.७७ ± ०.०२ मी/से²

लघुत्तम मापाचा सापळा

बरेच जण स्टॉपवॉचचं लघुत्तम माप ०.०१ सेकंद आहे म्हणून ΔT = ०.०१ लिहितात. यात दोन उलट्या चुका दडलेल्या असतात. काही जण हे ०.०१ एका दोलनाच्या T ला लावतात. मग वेळेची अनिश्चितता ०.५%, दुप्पट एक टक्का, आणि g पुढे ± ०.१० येतं. वीस दोलनं मोजण्याचे कष्ट पाण्यात. काही जण ते वीस दोलनांच्या एकूण वेळेला लावतात. मग वेळेचा वाटा ०.०५% एवढाच उरतो आणि अनिश्चितता ०.०११ वर येते. ती दिसायला छान दिसते, पण खोटी असते, कारण बोटाचा पसारा त्यात धरलेलाच नाही. लघुत्तम माप ही उपकरणाची मर्यादा असते. तुमची रीडिंगं त्याहून जास्त पसरत असतील तर पसाऱ्यावरच जा.

± आणखी कमी करायचं असेल तर

वरच्या दोन आकड्यांकडे पुन्हा बघा: लांबी ०.१०%, वेळ (दुप्पट धरून) ०.१६७%. म्हणजे आधी वेळेवर मेहनत घ्यायची. त्याचे दोन मार्ग आहेत. रीडिंगं चौपट घेतली, आठची बत्तीस, तर वर्गमुळामुळे अनिश्चितता निम्मी होते. नुसत्या मोजण्यालाच एकवीस मिनिटं लागतात. किंवा रीडिंगं आठच ठेवून वीसऐवजी चाळीस दोलनं मोजा. बोटाची चूक सुरुवातीला आणि शेवटीच होते, मधल्या दोलनांत होत नाही. ती आता चाळीसांत वाटली जाते, म्हणून इथेही अनिश्चितता निम्मी, पण वेळ अकरा मिनिटं. दुसरा मार्ग उघडच स्वस्त आहे.

मग शंभर दोलनं का नकोत? एक तर मोजणी चुकते. आणि चाळीसवरच वेळेचा वाटा ०.०८४% होतो, एकूण ०.१३%. आता लांबीच वरचढ ठरते. यापुढे कितीही दोलनं मोजली तरी ±०.०१ च्या खाली जाता येत नाही. तिथून पुढची मेहनत बुचाच्या कडेवर घ्यावी लागते, किंवा दोरा दोन मीटरचा करून तोच एक मिलिमीटर निम्म्या वाट्याचा करावा लागतो.

जे ± मध्ये दिसत नाही

"सर, आमचं ± छान लहान आलंय, पण g १०.८ येतोय." दर वर्षी एक तरी गट हे घेऊन येतो. मी जर्नल न बघता विचारतो, "पहिला आकडा काय म्हणालात?" उत्तर येतं, "एक." शून्याऐवजी एकपासून सुरुवात केली की 'वीस' म्हणताना दोलनं एकोणीसच झालेली असतात. T पाच टक्क्यांनी कमी भरतो आणि g दहा टक्क्यांहून जास्त वाढून १०.८३ होतो. आठही रीडिंगं सारखीच चुकलेली असतात, म्हणून पसाऱ्यात काहीच दिसत नाही.

लांबीच्या चुकांचेही असेच ठसे असतात. त्रिज्या मिळवायची राहिली तर आपल्या आकड्यांत g ९.६५ येतो, आणि त्रिज्येऐवजी पूर्ण व्यास मिळवला तर ९.९०. ± ०.०२ असताना उत्तर एवढं लांब गेलं तर नशिबाला दोष देण्याआधी लांबीच्या बेरजेकडे बघा.

या चुकीवर आलेखाचा उतारा आहे. पाच-सहा वेगवेगळ्या लांब्या घ्या, फक्त गोळ्याच्या माथ्यापर्यंत मोजा, आणि त्या लांबीविरुद्ध T² चा आलेख काढा. रेषेचा चढ 4π²/g असतो, इथे साधारण ४.०४. त्रिज्या न धरल्यामुळे रेषा आरंभबिंदूतून जात नाही, T² च्या अक्षाला ०.०५ च्या आसपास छेदते. पण चढ तोच राहतो, म्हणजे g सहीसलामत. बुचाच्या कडेची ती एक मिलिमीटरची शंकाही, सगळ्या लांब्यांना सारखीच असेल तर, याच छेदात निघून जाते.

बोटाचाही कायमचा कल असू शकतो: सुरुवातीला अंदाजाने वेळेवर दाबायचं आणि शेवटी बघून उशिरा. तो ०.१ सेकंद असेल तर दहा दोलनांवरून काढलेला T ०.०१० ने फुगतो आणि चाळीसांवरून काढलेला फक्त ०.००२५ ने. म्हणून एकदा दहा आणि चाळीस दोलनं दोन्ही मोजून T ची तुलना करा, तीही काही रीडिंगांच्या सरासरीवर. दहाचा T ठळकपणे मोठा आला तर कल आहे. मग चाळीसांच्या वेळेतून दहांची वेळ वजा करून तीसने भागा. दोन्हीकडचा सारखा उशीर वजाबाकीत जातो.

राहिला कोन. आपलं सूत्र कोन अगदी लहान असेल तरच बरोबर असतं. खरा आवर्तकाल साधारण θ²/16 एवढ्या पटीने जास्त असतो, θ रेडियनमध्ये. चार अंशांना तो ०.०३% आहे, म्हणजे g ०.०६% कमी येतो, फार तर ०.००६. ती दुरुस्ती केली तर आपलं ९.७७३ चं ९.७७९ होतं, ± ०.०२ पुढे किरकोळ. पण जोरात झुलताना बरं दिसतं म्हणून कुणी गोळा तीस सेंटिमीटर ओढला तर कोन जवळपास अठरा अंश होतो, g १.२% कमी येतो आणि ९.६६ च्या आसपास जातो. गोळा बिंदू नसून गोल आहे, हवा त्याला किंचित उचलून धरते, हे दोन्ही परिणाम या प्रयोगात ०.०२% च्याही खाली आहेत. ते व्हायवाला सांगा, हिशेबात आणू नका.

जर्नलची शेवटची ओळ

g = ९.७७ ± ०.०२ मी/से², प्रमाण अनिश्चितता, वर्गांची बेरीज करून. सगळं नीट झालं असेल तर खरी किंमत या पट्ट्यात असण्याची शक्यता साधारण दोनतृतीयांश, आणि दुप्पट पट्ट्यात, ± ०.०४ मध्ये, असण्याची शंभरात पंच्याण्णव. पुण्याचा ९.७८ पहिल्याच पट्ट्यात आहे. ९.८१ आपल्या ९.७७३ पासून ०.०३७ दूर आहे, म्हणजे जवळजवळ दोन अनिश्चितता. वीसातून एकदा एवढा फरक निव्वळ योगायोगानेही पडतो. तेव्हा 'इथे g ९.८१ नाही' असं एवढ्यावरून ठामपणे लिहू नका. 'शंका घ्यायला जागा आहे' एवढंच लिहा, आणि ठाम लिहायचं असेल तर चाळीस दोलनांची आठ रीडिंगं घ्यायला परत स्टँडकडे जा.